मृत्युपत्र: घरी केलेले की नोंदणी केलेले?

मृत्युपत्र करायचे ठरले की पहिला प्रश्न नोंदणीचा निघतो. वास्तविक नोंदणी कायदा, 1908 नुसार ती ऐच्छिक आहे, आणि साध्या कागदावर घरी केलेले मृत्युपत्रही तितकेच वैध असते. त्याला मुद्रांकही लागत नाही. दोन्हींची वैधता ज्यावर अवलंबून असते ते साक्षांकन भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 मध्ये सांगितले आहे. (गोव्यातील आणि मुस्लिमांचा उत्तराधिकाराचा कायदा वेगळा आहे, तो येथे घेतलेला नाही.)

किमान दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि प्रत्येकाने आपली सही मृत्युपत्रकर्त्यासमोरच करावी. दोघे एकाच वेळी हजर असण्याची मात्र सक्ती नाही.

घरच्या कागदात चूक होते ती नेमकी इथे. समजा, साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षकांनी सकाळी सही केली, एका स्नेह्याने तिथेच साक्ष घातली आणि दुसरे शेजारी बाहेर गेलेले असल्यामुळे मुलाने कागद संध्याकाळी त्यांच्या घरी नेऊन सही आणली. वरकरणी सगळे ठीक दिसते. परंतु शेजाऱ्यांनी ना सही होताना पाहिली, ना गुरुजींकडून ऐकली, आणि स्वतःची सहीही त्यांच्यामागे केली. त्यामुळे वैध साक्षीदार एकच उरला आणि मृत्युपत्र अवैध ठरले. गुरुजी हयात असताना नव्याने सह्या केल्या असत्या तर पाच मिनिटांत दुरुस्ती झाली असती. नोटरीचा शिक्काही ही उणीव भरून काढत नाही.

दुय्यम निबंधकांपुढे नोंदणी केल्यास ओळख पटवली जाते आणि प्रत सरकारदफ्तरी राहते, म्हणून कागद हरवण्याची किंवा दडवला जाण्याची भीती कमी होते. तथापि वाद झाल्यास हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात साक्ष द्यावीच लागते. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि शक्यतो लाभार्थी नसलेले असावेत. हिंदूंच्या बाबतीत लाभार्थ्याच्या साक्षीमुळे देणगी आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला जागा राहते. ख्रिस्ती व पारशी मृत्युपत्रात मात्र साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी निष्फळ होते.

वाटण्या समान आणि वारस एकमताचे असतील, तर घरचे मृत्युपत्र पुरते, असे माझे मत आहे. एखाद्या मुलाला वगळायचे असेल किंवा आजारपणात मृत्युपत्र करावे लागत असेल, तर नोंदणी करावी आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखलाही घ्यावा.

नोंदणी झाली म्हणजे बदल बंद झाले, असेही नाही. नंतर घरी रीतसर केलेले मृत्युपत्र आधीचे नोंदणीकृत मृत्युपत्र रद्द करू शकते. मात्र जुन्याच कागदावर पेनाने नाव खोडून दुसरे लिहिल्यास, त्या बदलापाशी मृत्युपत्रकर्त्याची आणि साक्षीदारांची पुन्हा सही नसेल तर तो बदल लागू होत नाही.