पीतज्वराची लस: स्टेरॉइड थांबवून घ्यावी, की वैद्यकीय सूट मागावी?

समजा, संधिवातासाठी दोन महिन्यांपासून रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्या ६४ वर्षांच्या आजींना मुलाकडे केनियाला जायचे आहे, जिथे डासांमार्फत पसरणाऱ्या पीतज्वराचा धोका असतो. पीतज्वराची लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूची असते. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते; त्यामुळे दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा दोन आठवडे वा त्याहून जास्त काळ चालू असेल, तर तोच विषाणू शरीरात अनिर्बंध वाढू शकतो. (दम्याचा नेहमीचा इन्हेलर किंवा सांध्यात दिलेले इंजेक्शन यांमुळे सहसा ही अडचण येत नाही.)

पहिला पर्याय म्हणजे गोळी बंद करून किमान एक महिन्याने लस घेणे. मात्र गोळी एकदम थांबवल्यास मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी पुरेसे संप्रेरक बनवू शकत नाहीत आणि रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो. म्हणून मात्रा हळूहळूच उतरवावी लागते, आणि त्या काळात सांधे पुन्हा सुजले तर सारा बेत कोलमडतो. शिवाय साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, आणि सोबत मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध चालू असेल तर केवळ स्टेरॉइड थांबवून भागत नाही.

दुसऱ्या पर्यायात डॉक्टर ही लस न घेण्याची मुभा देणारे सूटपत्र देतात. त्याने लसीचा धोका टळतो, डासांचा टळत नाही. तसेच परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. तरीही या आजींसाठी मला केनियाचा प्रवास पुढे ढकलणेच योग्य वाटते, आणि तो अटळ असेल तरच सूटपत्र.