दोन आठवडे, दहा धडे आणि अँकी: काही महिने वापरल्यावर

नाशिकला सिडकोत मी दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांच्या शिकवण्या घेते. गेल्या पावसाळ्यापासून उजळणीसाठी अँकी नावाचं ॲप वापरतेय. त्यातल्या कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बघून आठवलं की विसरलं ते बटण दाबून सांगायचं. आठवलं तर कार्ड लांबच्या तारखेला परत येतं, विसरलं तर लगेच. वर्षभर रोज थोडं करणाऱ्या मुलासाठी ते उत्तमच आहे, त्यावर जास्त लिहायला नको. पण आपल्याकडची मुलं वह्या घेऊन येतात ती परीक्षा पंधरा दिवसांवर आल्यावर. या वेळी माझा भाचाच तसा आला. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २, दहा धडे, ४० गुणांचा पेपर आणि हातात चौदा दिवस. अँकी आहे तसं उघडून सुरुवात केली तर इतक्या कमी वेळात ते नीट चालत नाही. चार-दोन गोष्टी बदलल्या तर चालतं.

सगळ्यात जास्त वेळ नोट्स आत टाकण्यात जातो. वहीचं पान जसंच्या तसं चढवून उपयोग नाही, त्यातून प्रश्न काढावे लागतात. भाच्याच्या वहीत वलयी संघाबद्दल एक लांबलचक परिच्छेद होता. त्याने त्याचं एकच कार्ड केलं: पुढे ‘वलयी संघाची लक्षणे’, मागे सगळा परिच्छेद. असं कार्ड कधीच पूर्ण आठवत नाही आणि कधीच पूर्ण विसरलेलंही नसतं, मग बटण कुठलं दाबायचं? आम्ही ते फोडलं. गांडूळ कशाने सरकतं? दृढरोम. जळू? चूषक. नेरीस? परापाद. ‘शरीर लांबट, खंडीभूत, द्विपार्श्व सममिती, कुठला संघ?’ हे वेगळं कार्ड. कंटकचर्मींची सममिती डिंभावस्थेत द्विपार्श्व आणि प्रौढपणी अरीय. तिथे मुलं हमखास घोटाळा करतात, म्हणून त्याची दोन कार्डं.

हे सगळं तो फोनवर गुगल शीट्समध्ये बोलून टाईप करायचा. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात धड्याचं नाव. मग माझ्या कॉम्प्युटरवर सीएसव्ही उतरवून अँकीत इम्पोर्ट. फाईलच्या अगदी वर एवढ्या ओळी घातल्या की दरवेळी काही निवडावं लागत नाही:

```
#separator:Comma
#deck:Vidnyan2
#tags column:3
```

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक्सेलमधून साध्या CSV प्रकारात जतन केलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. तिथे CSV UTF-8 निवडायचं. गुगल शीट्सला हा त्रास नाही. दुसरं, धड्याच्या नावात मोकळी जागा सोडली तर अँकी त्याचे दोन टॅग करतं, म्हणून प्राणी_वर्गीकरण असं जोडून लिहायचं. तिसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. नव्या फाईलमधला प्रश्न आधीच्या एखाद्या कार्डाशी शब्दशः जुळला तर अँकी नवं कार्ड करत नाही, जुन्याचंच उत्तर बदलून टाकतं. दोन धड्यांत ‘दोन उदाहरणे सांगा’ असा मोघम प्रश्न असेल तर आधीच्या धड्याचं उत्तर गेलंच समजा. इम्पोर्ट झाल्यावर किती नोट्स नव्या आल्या आणि किती अपडेट झाल्या ते अँकी सांगतं. नवा धडा टाकताना अपडेटचा आकडा शून्यच हवा.

दहाही धडे एकदम टाईप करायला बसू नये, त्यातच दोन-तीन दिवस जातात आणि उजळणी राहते बाजूलाच. उद्याचा धडा आज संध्याकाळी, एवढंच.

आता वेळापत्रक. मुळात अँकी नवी कार्डं रोज वीस देतं. कार्ड पहिल्यांदा शिकलं की दुसऱ्या दिवशी येतं, Good, म्हणजे ‘आठवलं’, दाबलं की साधारण तीन दिवसांनी, मग सात-आठ दिवसांनी, पुढे अंतर वाढतच जातं. हे सगळं FSRS ही अँकीतली वेळापत्रक ठरवायची दुसरी पद्धत बंद ठेवून. हिशोब मांडला की अडचण दिसते. पाचव्या दिवशी शिकलेलं कार्ड सहाव्या आणि नवव्या दिवशी येईल, नंतर थेट सोळाव्या-सतराव्या दिवशी, म्हणजे पेपर होऊन गेल्यावर. Easy बटण तर याहून घातक. पहिल्याच दिवशी दाबलं तर कार्ड चार दिवसांनी दिसतं आणि तेव्हा परत Easy दाबलं की परीक्षेच्या पलीकडे जातं.

म्हणून डेकच्या, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या, सेटिंगमध्ये Maximum interval ५ केलं. मुळात तिथे ३६५०० असतं, म्हणजे शंभर वर्षं! आता कुठलंही कार्ड पाच दिवसांपेक्षा लांब जात नाही. याला शास्त्राचाही आधार आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं होतं की दोन उजळण्यांमधलं योग्य अंतर परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. परीक्षा जवळ असेल तर अंतरही छोटं हवं.

नवी कार्डं रोज २५, आणि तीही फक्त पहिले आठ दिवस. एकूण २००. क्रम पुस्तकातला ठेवला नाही, अवघड धडे आधी घेतले: प्राणी वर्गीकरण, जीवनप्रक्रियेचे दोन्ही भाग, आनुवंशिकता व उत्क्रांती, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान. रोज एक धडा, प्रत्येकी २५ कार्डं. सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन वगैरे उरलेल्या पाचांची प्रत्येकी १५, ती सहाव्या ते आठव्या दिवसात. कारण सरळ आहे. पहिल्या दिवसाचं कार्ड पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी दिसतं, म्हणजे चार वेळा. पाचव्या दिवसापर्यंतच्या सगळ्या कार्डांना चार भेटी मिळतात. सहाव्यापासून पुढच्यांना तीनच, चौथी पेपरच्या दिवशी किंवा नंतर पडते. जे चारदा बघायची गरज आहे ते आधी शिकायला हवं. अँकी स्वतःहून एखाद्या दिवसाचा फरक करतं, पण आराखडा हाच राहतो. रोजची उजळणी फार तर ५० च्या आसपास, बस्स.

आमचा आराखडा सहाव्या दिवशी कोलमडला. दिंडोरीला त्याच्या काकांकडे द्राक्षांची काढणी निघाली आणि हा दोन दिवस तिकडे. आठव्या दिवशी ॲप उघडलं तर १०० कार्डं वाट बघत होती आणि हलके पाच धडे अजून शिवलेलेही नव्हते. अशा वेळी मुलं आधी नव्यावर तुटून पडतात, कारण पाठ्यपुस्तक ‘संपवायचं’ असतं. मी त्या दिवशी New cards/day शून्य केलं आणि फक्त थकलेली उजळणी उरकून घेतली. मग हलक्या धड्यांची कार्डं १५ वरून १० वर आणली, म्हणजे ५०, आणि ती नवव्या व दहाव्या दिवशी घेतली. दहाव्या दिवसाचं कार्ड अकराव्या आणि चौदाव्या दिवशी येतं, तिन्ही भेटी पेपरआधी बसतात. अकराव्या दिवशी नवं घेतलं असतं तर त्याला दोनच मिळाल्या असत्या. नवं कधी थांबवायचं ते यावरून ठरतं: पेपर पंधराव्या दिवशी असेल तर दहाव्यानंतर नवं कार्ड नाही.

‘मावशी, पाच-पाच कार्डं उडवली, त्यातलंच आलं तर?’ म्हणाला. ‘आलं तर पुस्तकात वाचलेलं आठवेल तेवढं लिही,’ म्हटलं.

बटणांबद्दलही सांगते, कारण इथे बहुतेक मुलं चुकतात. उत्तर आठवलं नाही तरी Hard दाबतात, Again, म्हणजे ‘विसरलो’, दाबायला जीव होत नाही. अँकीच्या लेखी Hard म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. ते कार्ड मग शिकल्यासारखं पुढे सरकत राहतं. मी दोनच बटणं ठेवायला सांगते, Again आणि Good. आणि उत्तर उलटण्याआधी कच्च्या कागदावर लिहायचं. पंचवीस कार्डं पाच मिनिटांत संपवून सगळ्यांवर Good असेल तर मूल आठवत नाहीये, उत्तर बघून ‘हो हो, येत होतं’ म्हणतंय असं समजावं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी ठरलेली उजळणी झाली की आणखी एक काम. फिल्टर्ड डेक करून त्यात हे टाकायचं:

```
deck:Vidnyan2 rated:10:1
```

गेल्या दहा दिवसांत जिथे जिथे Again दाबलं ती कार्डं एकत्र येतात. भाच्याच्या त्या यादीत निम्मी प्राणी वर्गीकरणाची होती. सूत्री विभाजनाच्या अवस्थांमध्ये मध्यावस्था आणि पश्चावस्थेची अदलाबदल पुन्हा पुन्हा होत होती. शेवटच्या संध्याकाळी पूर्ण पुस्तक चाळण्यापेक्षा ही यादी कितीतरी कामाची.

आता उणी बाजू. रिकाम्या जागा, जोड्या लावा, नावे सांगा, यांत फरक स्पष्ट दिसला. पण ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आणि मोठ्या उत्तरांना कार्डांचा फारसा आधार नाही. सुटे तुकडे येतात, पण सलग लिहायची सवय होत नाही. त्यासाठी आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून वेगळ्या सोडवल्या. आकृत्यांसाठी Image Occlusion आहे, आकृतीतली नावं झाकून विचारतं. नावं पाठ होतात, आकृती मात्र हातानेच काढावी लागते. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर सगळं फुकट आहे, आयफोनच्या ॲपला पैसे पडतात. ते द्यायचे नसतील तर ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून भागतं, थोडं गैरसोयीचं आहे इतकंच.

हातात पाच दिवसांपेक्षा कमी असतील तर मात्र मी हे कुणाला सुचवणार नाही. टाईप करण्यात वेळ जाईल आणि प्रत्येक कार्ड जेमतेम दोनदा दिसेल. तेवढ्या वेळात वहीतलं उत्तर हाताने झाकून स्वतःला प्रश्न विचारलेले बरे.