जुळ्या मुलींचे दोन वेगळे चेहरे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निष्कर्ष आधीच सांगते. चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलकडून एकसारख्या जुळ्यांचे दोन्ही चेहरे एकाच फेरीत काढून घ्यायचा हट्ट सोडला की हे काम जमतं. आधी प्रसंग तयार करायचा, मग त्यात एकीचा चेहरा बसवायचा, मग दुसरीचा, आणि प्रत्येक वेळी मॉडेलसमोर फक्त तिचीच माहिती ठेवायची. याला वेळ जास्त लागतो, पण माझ्या मुली आता चित्र पाहून ‘ही मी’ असं न अडखळता सांगतात. माझ्यासाठी कसोटी तीच आहे.

मी घरच्या संगणकावर कम्फीयूआय या प्रोग्राममध्ये एसडीएक्सएल हे चित्र काढणारं मॉडेल वापरते. मुलांचे फोटो कुठल्याही परक्या सर्व्हरवर चढवायचे नव्हते, म्हणून ही निवड. मुली नऊ वर्षांच्या आहेत आणि त्यांच्याच गोष्टींसाठी मी ही चित्रं करते. इथे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणेन. थोरलीच्या डाव्या भुवईच्या टोकाला जुन्या जखमेची बारीक खाच आहे, तिचा भोवरा उजवीकडे आहे आणि हसताना ओठाचा डावा कोपरा जरा वर जातो. धाकटीच्या उजव्या गालावर, ओठाजवळ तीळ आहे, भोवरा डावीकडे आहे आणि हनुवटी किंचित निमुळती आहे. यापलीकडे फरक फारसा नाही. अनोळखी माणूस नेहमी गोंधळतो, आणि मॉडेलही तसंच गोंधळतं.

सुरुवातीला मी आयपी-अडॅप्टरचा फेसआयडी प्रकार वापरला. एक-दोन फोटो दिले की तो त्या व्यक्तीचा चेहरा चित्रात आणतो, प्रशिक्षणाची गरज पडत नाही. एकट्या माणसासाठी मला तो आवडला. जुळ्यांसाठी मात्र त्याची मर्यादा मुळातच आहे. तो फोटो जसाच्या तसा पाहत नाही. चेहरा ओळखणारं एक वेगळं मॉडेल आधी चेहरा कापून, सरळ करून, 112 × 112 पिक्सेलचा करतं आणि त्यातून 512 आकड्यांची एक ओळख काढतं. चित्र काढणाऱ्या मॉडेलला मिळते ती ही ओळख. एवढ्या छोट्या चौकोनात भुवईची खाच किंवा तीळ जेमतेम उरतो. शिवाय ते मॉडेल शिकलेलंच असतं की उजेड, वय, डाग, केस अशा बदलत्या गोष्टींकडे दुर्लक्ष करून माणूस ओळखायचा. जुळ्यांना वेगळं करणाऱ्या नेमक्या त्याच गोष्टी असतात. त्यामुळे दोघींच्या ओळखी इतक्या जवळ येतात की कुणाचाही फोटो दिला तरी मधलीच कुणीतरी तिसरी मुलगी समोर येते, जणू या दोघींची चुलत बहीण. फोटो वाढवून सरासरी काढली तरी हा प्रश्न सुटत नाही.

म्हणून मी प्रत्येकीचा वेगळा लोरा शिकवला. लोरा म्हणजे मूळ मॉडेलवर चढवायची छोटी पूरक फाइल. तो थेट फोटोंच्या पिक्सेलवरून शिकतो, त्यामुळे खाच आणि तीळ त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. पण फोटो निवडताना एक गोष्ट फार जपावी लागते, ती म्हणजे डावं-उजवं. एकसारख्या जुळ्यांच्या काही जोड्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात: एकीचा भोवरा उजवीकडे, दुसरीचा डावीकडे, भांग उलट, हसण्याचा कल उलट. आता प्रशिक्षणाच्या सेटिंगमध्ये `flip_aug` चालू असेल तर प्रत्येक फोटो अधूनमधून उलटा करून दाखवला जातो. एकट्या व्यक्तीच्या बाबतीत याने फारसं बिघडत नाही. जुळ्यांच्या बाबतीत थोरलीचा उलटा फोटो जवळजवळ धाकटीचाच फोटो होतो, म्हणजे आपण स्वतःच दोघींची सरमिसळ करतो. ते बंदच हवं. शिवाय काही फोनचा पुढचा कॅमेरा सेल्फी उलटा करूनच साठवतो. तसे फोटो गठ्ठ्यात मिसळले असतील तर सेटिंग बरोबर असूनही गोंधळ होतो. ओळखायची खूण सोपी आहे: कपड्यावरची अक्षरं वाचा, किंवा तीळ कुठल्या गालावर आहे ते पाहा.

दुसरी गोष्ट अंतराची. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि चेहरा अरुंद दिसतो. थोरलीचे फोटो हातभर अंतरावरून आणि धाकटीचे लांबून काढलेले असतील, तर मॉडेल दोघींमधला फरक म्हणून कॅमेऱ्याचं अंतरच शिकतं. मग थोरली लांब नाकाची होते, आणि वेगळी दिसते म्हणून आपल्याला उगाच समाधान वाटतं. मी दोघींचे फोटो एकाच दिवशी, खिडकीच्या त्याच उजेडात, साधारण दीड-दोन मीटर अंतरावरून काढले. प्रत्येकीचे पंचवीसच्या आसपास: समोरून, पाऊण वळून, बाजूने, गंभीर आणि हसरे. कपडे आपापसात बदलून पुन्हा काढले, म्हणजे लाल फ्रॉक ही थोरलीची ओळख होऊन बसत नाही.

प्रशिक्षणाच्या प्रत्येक फोटोसोबत कॅप्शन, म्हणजे त्याचं छोटं वर्णन द्यावं लागतं. ते लिहिताना मी एक नियम पाळते. जे कॅप्शनमध्ये लिहिलं जातं ते त्या शब्दांकडे जातं, जे लिहिलं जात नाही ते हळूहळू टोकनला, म्हणजे त्या मुलीसाठी ठरवलेल्या खास शब्दाला चिकटतं. म्हणून कपडे, मागची भिंत, उजेड, हसू हे सगळं लिहायचं. खाच आणि तीळ कधीच लिहायचे नाहीत. टोकनही एकमेकांपासून दूरचे हवेत. `zuniA` आणि `zuniB` असे जोडीचे टोकन मोहक वाटतात, पण मजकूर वाचणारा भाग शब्दाचे तुकडे करतो. त्यात सुरुवातीचे तुकडे दोघींना सारखेच मिळण्याची शक्यता असते, आणि तिथूनच एकीची छटा दुसरीत उतरू लागते.

दोन चांगले लोरा हाती आले की ते एकत्र चढवायचा मोह होतो. तिथे अडचण अशी की लोरा मॉडेलच्या वजनांवरच, म्हणजे त्याने शिकलेल्या आतल्या आकड्यांवरच बसतो आणि ती वजनं अख्ख्या चित्राला लागू असतात. प्रॉम्प्टचे डावे-उजवे भाग मास्कने वेगळे केले तरी दोन्ही लोरा दोन्ही बाजूंना काम करतच राहतात. डावीकडची साठ टक्के थोरली, उजवीकडची साठ टक्के धाकटी असं काहीतरी निघतं. कम्फीयूआयमध्ये आता हुक नावाची सोय वापरून लोराला ठरावीक भागापुरता बांधता येतं. ते चालतं, पण दोघी बिलगून बसलेल्या असतील तर सीमेवर गळती होतेच. म्हणून मी फेऱ्यांच्या पद्धतीवर स्थिरावले.

नेहमीचं उदाहरण घ्या: दोघी झोपाळ्यावर शेजारी बसल्या आहेत. पहिल्या फेरीत एकही लोरा नाही. फक्त दोन मुली, त्यांची बसण्याची पद्धत, उजेड, कपडे. खाच किंवा तीळ याचा उल्लेखही नाही, कारण प्रसंगाच्या प्रॉम्प्टमध्ये लिहिलेली खूण दोघींच्याही चेहऱ्यावर उमटते. हे चित्र मनासारखं झालं की डावीकडच्या मुलीचा चेहरा आणि केस मिळून मास्क करते. केस सोडायचे नाहीत, कारण भोवरा आणि केसांची कपाळावरची रेघ त्यातच आहे. तो भाग कापून 1024 पिक्सेलपर्यंत मोठा करते, फक्त थोरलीचा लोरा 0.8 वजनाने चढवते आणि त्या भागाचं इनपेंटिंग करून, म्हणजे तेवढाच भाग नव्याने काढून घेऊन, तो पुन्हा जागेवर बसवते. मग तो लोरा उतरवून उजवीकडे धाकटी.

मोठं करण्याची पायरी गाळू नका. हे मॉडेल चित्र आतमध्ये आठपट आकसून हाताळतं. 1024 च्या चित्रात चेहरा 120 पिक्सेल रुंद असेल तर आत त्याला जेमतेम 15 चौकटी मिळतात. तीळ एका चौकटीपेक्षाही लहान पडतो, तो दिसणार कुठून? दुसरा कळीचा आकडा `denoise`, म्हणजे खालचं चित्र किती बदलायचं ते ठरवणारा. 0.35 ठेवला तर खालचा मूळ चेहरा तसाच राहतो, आणि मूळ मॉडेलने दोन मुली काढताना बहुतेक वेळा एकच चेहरा दोनदा काढलेला असतो. 0.75 च्या वर गेलं की मान आणि डोक्याचा मेळ सुटतो, उजेड भलत्याच बाजूने पडतो. माझं काम 0.5 ते 0.6 मध्ये होतं.

जमलं की नाही हे कसं ठरवायचं? नुसती ‘थोरलीशी किती जुळतं’ ही मोजणी फसवी आहे, कारण धाकटीचा खरा फोटोही थोरलीशी भरपूर जुळतो. पाहायचं असतं अंतर. दोघींच्या प्रशिक्षणात न वापरलेल्या फोटोंवरून प्रत्येकीची सरासरी ओळख काढून, तिची लांबी 1 करून ठेवायची, आणि नव्या चेहऱ्याची तुलना दोन्हींशी करायची:

```python
e = face.normed_embedding
gap = float(e @ thorli - e @ dhakti)
```

समजा थोरलीच्या चेहऱ्याला थोरलीशी 0.62 आणि धाकटीशी 0.60 मिळाले. पहिला आकडा एकटा पाहिला तर चित्र चांगलं वाटतं, पण अंतर 0.02 चंच आहे, म्हणजे ही मधलीच मुलगी. 0.58 आणि 0.47 असेल तर पहिला आकडा कमी असूनही चित्र जास्त खरं आहे. किती अंतर पुरेसं, हे आपल्या खऱ्या फोटोंवर तीच मोजणी करून ठरवावं. फेसआयडीने काढलेलं चित्र मात्र याच मापाने तपासू नका. ज्या ओळखीवरून ते काढलं, तिच्याशी ते जुळणारच. आणि तीळ-खाचेबाबत हे माप जवळजवळ आंधळं आहे, तिथे डोळेच हवेत. मी फक्त चेहरे कापते, रंग काढून टाकते, क्रम बदलते आणि मुलींना दाखवते. धाकटीने एकदा तिच्या नावाच्या चित्रावर बोट ठेवून सांगितलं, “ही ताई माझा तीळ लावून बसली आहे.” मोजलं तर अंतर खरंच उलट्या बाजूला होतं.

हल्ली एकाहून अधिक फोटो घेऊन सूचनेप्रमाणे चित्र बदलणारी मॉडेलं आली आहेत. दोन्ही फोटो एकदम दिले तर तिथेही दोघी एक होतात किंवा जागा बदलतात. तीही एकेक फोटो देऊन वापरली तर बरी चालतात. फक्त दुसऱ्या फेरीत पहिलीचा चेहरा थोडा गुळगुळीत होतो. म्हणून दुसरी फेरी झाली की पहिलीचा चेहरा आधीच्या चित्रातून मास्क लावून परत चिकटवावा.

केस, चष्मा, कपडे वेगळे देऊन दोघी वेगळ्या दाखवणं मला पटत नाही. परक्याला ते पुरतं, पण चेहरा एकच राहतो आणि मुलींना तो लगेच कळतो.

ज्यांची मुलं जुळी नाहीत त्यांनी वयाकडे लक्ष द्यावं. मोठ्या भावाचे सहाव्या वर्षीचे फोटो गठ्ठ्यात असतील तर तो आजच्या सहा वर्षांच्या धाकट्यासारखाच निघतो. दोघांचेही ताजे फोटोच घ्यावेत.

जिथे अजून जमत नाही ते असं: पूर्ण बाजूने दिसणारे चेहरे, दात दाखवून खदाखदा हसणं, आणि जलरंगासारखी शैली, ज्यात खाच रंगाच्या फटकाऱ्यात विरून जाते. शैलीसाठी मी आधी छायाचित्रासारखं चित्र पक्कं करते आणि मग कमी `denoise` वर रंग चढवते, तरी तीळ कधीकधी हाताने परत काढावा लागतो. लोराही कायमचे नसतात. दात पडून नवे आले की थोरलीचं हसू बदलतं, तेव्हा दोघींचे फोटो पुन्हा एकाच दिवशी काढून दोन्ही लोरा नव्याने शिकवावे लागतात. एकीचाच नवा केला तर दोघींमध्ये वयाचा खोटा फरक दिसू लागतो.