वेग-काल आलेखाचा प्रश्न तपासताना: उत्तराला गुण की पायऱ्यांना?

पाच गुणांचा एक प्रश्न घेऊ. वेग-काल आलेखावर एकच सरळ रेषा आहे. आरंभी वेग ८ मी/से असून ६ सेकंदांनी तो −४ मी/से होतो. विस्थापन क्षेत्रफळावरून आणि दुसऱ्या सेकंदाचे त्वरण चढावरून काढावयाचे आहे. रेषा चौथ्या सेकंदाला काल-अक्ष छेदते, म्हणून वरचा त्रिकोण १६ मीटरचा, खालचा ४ मीटरचा आणि विस्थापन १६ − ४ = १२ मीटर येते. चढ −१२ भागिले ६, म्हणजे −२ मी/से² आहे.

केवळ अंतिम उत्तर पाहणारी तपासणी जलद होते, परंतु या प्रश्नात ती दोन्ही बाजूंनी फसते. एखादा विद्यार्थी दुसऱ्या सेकंदाचा वेग ४ वाचून त्याला २ ने भागतो आणि २ मी/से² लिहितो. वेगाला काळाने भागणे म्हणजे चढ नव्हे. तरीही येथे अंक जुळतो आणि घाईत ऋण चिन्हाकडे दुर्लक्ष करणारा परीक्षक पूर्ण गुण देऊन बसतो. उलट, छेदबिंदू ३.५ सेकंदांवर वाचणाऱ्याचे विस्थापन १४ − ५ = ९ मीटर येते आणि क्षेत्रफळाची सारी कल्पना बरोबर असूनही त्याच्या पदरी शून्य पडते.

पायऱ्यांनुसार तपासताना मी विस्थापनाला तीन गुण ठेवतो: दोन्ही त्रिकोणांच्या क्षेत्रफळांना एक, खालचे क्षेत्रफळ ऋण धरण्याला एक आणि एककासह उत्तराला एक. त्वरणाचे दोन गुण रेषेवरील दोन बिंदूंमधील फरकांच्या मांडणीला आणि चिन्ह व एककासह उत्तराला. मग ९ मीटर लिहिणाऱ्याचा वाचनाच्या चुकीपुरता पहिला गुण जातो. पुढचे दोन त्याच्याच आकड्यांवरून मिळतात. क्षेत्रफळांची बेरीज करून २० मीटर लिहिणाऱ्याला मात्र ही सवलत देऊ नये, कारण त्याने अंतर काढले आहे, विस्थापन नव्हे. त्याला पहिलाच गुण मिळावा.

खरी अडचण गतीच्या समीकरणाची आहे. s = ut + ½at² मध्ये किमती घातल्या की ४८ − ३६ = १२ मीटर मिळतात, कारण येथे त्वरण स्थिर आहे. उत्तर बरोबर, पण प्रश्नाने क्षेत्रफळ मागितले होते. म्हणून माझ्या मते उत्तराचा एक गुण द्यावा आणि क्षेत्रफळाचे दोन रोखावेत. सरासरी वेग २ मी/से गुणिले ६ सेकंद असे लिहिणाऱ्याबाबत मी थोडा सैल आहे, कारण आलेखावर सरासरी वेगाची आडवी रेषा दाखवली असेल, तर तिच्याखालचा आयत हे चिन्हासह मोजलेले क्षेत्रफळच ठरते.

परीक्षक अनेक असतील, तर पायऱ्यांची पद्धत घ्यावी. मात्र समीकरणाचा आणि २० मीटरचा निर्णय पहिली उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वीच गुणदान-तक्त्यात लिहून ठेवावा. बहुपर्यायी चाचणीत केवळ उत्तर पाहण्यावाचून गत्यंतर नसते. तेथे विस्थापनाच्या पर्यायांत २० मीटर आणि त्वरणाच्या पर्यायांत +२ मी/से² अवश्य ठेवावेत.