मसाल्याचे पाउच: मोफत सॅम्पल घ्यावं की पैसे मोजून छोटा लॉट?

घरचा काळा मसाला २५० ग्रॅमच्या छापील पाउचमध्ये विकायचा, तर कारखानदाराकडून आधी काय मागवायचं?

मोफत सॅम्पल मागायला संकोच नको. कुरिअरचा खर्च आपण देतो म्हटलं की साधे, कोरे पाच-दहा पाउच बहुतेक जण पाठवतात. त्यावरून साइज आणि मटेरियल ठरतं. त्यात खराच मसाला भरा, आपल्याच सीलिंग मशीनवर सील करा आणि दोन-तीन आठवडे उबेला ठेवा. मसाल्यात तेल असतं, त्यामुळे हलक्या पाउचला बाहेरून वास येतो, कधी आतला थर सुटून फुगवटे दिसतात. मग पाउच पाण्यात बुडवून दाबा. बुडबुडे आले तर सील कच्चं आहे. मशीनचं तापमान बदलून पुन्हा बघा.

पण हे पाउच शेल्फवरच्या तयार मालातले असतात. ग्रॅव्हुअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्यामुळे तुमच्या डिझाइनचं सॅम्पल फुकट मिळणार नाही, आणि तसा हट्ट धरणंही बरोबर नाही. शिवाय फुकट दिलेल्या मालावर कारखानदाराला जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही.

छोटा लॉट डिजिटल छपाईवर निघतो. नगामागे दर बराच चढा पडतो, पण रंग कसा उतरतो ते दिसतं आणि माल दुकानात ठेवून गिऱ्हाइकाचा अंदाज घेता येतो. मात्र पुढे ग्रॅव्हुअरवर गेलात की रंगात थोडा फरक पडतो, म्हणून तेव्हा छपाईचा प्रूफ वेगळा मंजूर करा.

माझं मत असं: मटेरियल ठरवायला मोफत सॅम्पल पुरतं. डिझाइन अजून पक्कं नसेल किंवा खपाची खात्री नसेल, तर छोट्या लॉटचे पैसे जरूर मोजावेत.

खरा धोका पुढच्या ऑर्डरीत असतो. नगावर दर ठरला असेल, तर जाडी कमी केल्याचा फायदा कारखानदाराला. मायक्रोमीटर नसला तरी वजनकाटा असतोच. समजा १५० बाय २२० मिमीच्या, १०० मायक्रॉनच्या दहा पाउचचं वजन ८२ ग्रॅम होतं आणि आलेल्या लॉटमधले तेवढेच पाउच ७० ग्रॅम भरले, तर जाडी साधारण ८५ मायक्रॉनवर आली आहे. एक-दोन ग्रॅमचा फरक चालतो, बाराचा नाही.

म्हणून पसंत पडलेल्या पाउचवर दोघांच्या सह्या आणि तारीख घ्या. एक नग तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. ऑर्डरमध्ये साइज, मायक्रॉन, दहा नगांचं वजन आणि 'मंजूर नमुन्याप्रमाणे' हे शब्द लिहा. नमुन्यावरून ठरलेल्या विक्रीत माल नमुन्याच्या दर्जाचाच हवा आणि ताडून बघायला ग्राहकाला वाजवी संधी हवी, असं १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १७ सांगतं. ही तपासणी पाउच भरायला घेण्याआधीच करा. एकदा मसाला भरला की माल परत घ्यायला कुणी सहजी तयार होत नाही.