सीजीपीए, टक्के की चारपैकी जीपीए: बाहेरच्या अ‍ॅडमिशनसाठी ट्रान्सक्रिप्टवर नक्की काय लिहायचं

ज्यांची फाइल आता तयार होतेय त्यांच्यासाठी लिहितोय. मार्कशीट आणि ट्रान्सक्रिप्ट भाषांतराला किंवा सर्टिफाइड कॉपीला द्यायची वेळ आली की तीन रस्ते समोर येतात. एक म्हणजे आपले मार्क त्याच कागदावर चारपैकी जीपीएत किंवा टक्क्यांत बदलून टाकायचे. दुसरा, मार्क जसे आहेत तसेच ठेवायचे आणि विद्यापीठाची ग्रेडिंग स्केल सोबत जोडायची. तिसरा, डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या अमेरिकन पद्धतीत मार्क आणि पदवी तोलून रिपोर्ट देणाऱ्या संस्थेकडून इव्हॅल्युएशन करून घ्यायचं. मी जर्मनी आणि अमेरिका दोन्हीकडे अर्ज केले होते त्यामुळे तिन्ही रस्ते जवळून बघितलेत, आणि माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, पण तुमचा देश आणि तुमचा कोर्स वेगळा असेल तर हिशोब वेगळा पडू शकतो हे आधीच सांगतो.

आधी सगळ्यात सोपा वाटणारा रस्ता, स्वतः कन्व्हर्ट करायचा. बहुतेक जण करतात ते असं की टक्के भागिले 25, किंवा सीजीपीए गुणिले 0.4. माझा सीजीपीए 10 पैकी 7.2 होता, म्हणजे सरळ हिशोबाने 2.88. आता हेच विद्यापीठाच्या कन्व्हर्जन लेटरमधल्या, म्हणजे सीजीपीएचे टक्के करून देणाऱ्या पत्रातल्या, टक्क्यांवरून काढलं तर? आमच्याकडे एआयसीटीईचा फॉर्म्युला चालायचा, सीजीपीएमधून 0.75 वजा करून दहाने गुणायचं, म्हणजे 64.5 टक्के, आणि त्याचे चारपैकी 2.58. माणूस एक, मार्क एक, आणि 3.0 चा कटऑफ असलेल्या कोर्सला दोन्ही आकडे कमीच दिसतात. आपल्याकडे 60 च्या वरचा फर्स्ट क्लास ही चांगली कामगिरी आहे, 100 पैकी 100 कोणाला पडत नाहीत, पण सरळ गुणाकाराला हे माहीतच नसतं, तो 100 ला 4.0 धरतो आणि बाकी सगळ्यांना खाली ढकलतो.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या अर्जात तर स्पष्ट लिहिलेलं असतं की जीपीए बदलू नका, तुमच्या संस्थेच्या स्केलवरच भरा, आणि शेजारी स्केल निवडायची जागा असते. तिथे 7.2 आणि स्केल 10 एवढंच भरायचं असतं. म्हणजे जे गणित करायला आपण धडपडतो ते तिथे कोणी मागितलेलंच नसतं.

आता जर्मनी, कारण माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. तिथे मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात, युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडून अर्ज गेला तर तेही हाच वापरतात आणि व्हीपीडी नावाचा जो कागद देतात त्यात बदललेली ग्रेड असते. तो असा:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

Nmax म्हणजे मिळू शकणारे सगळ्यात जास्त मार्क, Nmin म्हणजे पास व्हायला लागणारे कमीत कमी, Nd म्हणजे तुमचे. उत्तर 1.0 आलं तर सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, आणि बऱ्याच मास्टर्स कोर्सना 2.5 किंवा त्याहून कमी आकड्याची अट असते. माझे 7.2 घालून बघा, जास्तीत जास्त 10, पासिंग 4. वरती 2.8, खाली 6, भागाकार आणि तीनने गुणून 1.4, म्हणजे 2.4. अट पास. आता त्याच फॉर्म्युल्यात माझे लेटरमधले 64.5 टक्के घाला, जास्तीत जास्त 100, पासिंग 40. वरती 35.5, खाली 60, उत्तर 2.775. अट नापास. आणि सीबीएसईमुळे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं 9.5 ने गुणायचं गणित केलं तर 68.4 टक्के आणि 2.58, तेही नापास.

याच त्रासामुळे मी मार्क जसे आहेत तसेच ठेवायचं ठरवलं. हे का होतं ते नीट समजून घेतलं तर बाकी गोष्टी आपोआप कळतात. 0.75 वजा करायचा फॉर्म्युला तुमचे मार्क खाली सरकवतो, पण बव्हेरियन फॉर्म्युल्यात 100 आणि 40 तसेच राहतात, ते सरकत नाहीत. खरं तर त्याच नियमाने 10 सीजीपीए म्हणजे 92.5 टक्के आणि 4 सीजीपीए म्हणजे 32.5 टक्के होतात, आणि ती दोन टोकं घातली की उत्तर परत 2.4 च येतं. 9.5 ने केलं तरी टोकं 95 आणि 38 घेतली की परत 2.4. म्हणजे फॉर्म्युल्यात चूक नाही, आपण मधला आकडा बदलतो आणि टोकं बदलत नाही ही चूक. पण अर्ज तपासणाऱ्या माणसाला समोर 64.5 टक्के दिसले तर तो 100 आणि 40 च धरणार, त्याला हे सगळं कुठून कळणार?

माझ्या बाबतीत भाषांतर करणाऱ्या एका एजन्सीने चांगल्या हेतूने ट्रान्सक्रिप्टच्या खाली एक ओळ घातली होती, टक्के 64.5, जी मूळ कागदावर नव्हतीच, लेटरमधून उचलली होती. जर्मनीतल्या एका विद्यापीठाकडून मेल आला की मूळ कागदावर हा आकडा कुठे आहे, आणि पासिंग मार्क कुठल्या स्केलचे धरायचे. मी ती ओळ काढायला लावली, नवीन कॉपी केली, आणि मार्कशीटच्या मागच्या बाजूला जी ग्रेडिंगची माहिती छापलेली असते तिचं भाषांतर जोडलं. त्यानंतर त्यांनी 10 ची स्केल धरली आणि परत काही विचारलं नाही. प्रत्येक विद्यापीठ असंच करेल असं मी म्हणत नाही, पण त्या एका ओळीमुळे जे आठवडे गेले ते मला अजून बोचतात.

म्हणून दुसऱ्या रस्त्याबद्दल, म्हणजे जसंच्या तसं ठेवायचं याबद्दल, जरा सविस्तर. यात मेहनत गणिताची नसून कागदाची आहे. मार्कशीटची मागची बाजू, जिथे ओ म्हणजे 10, ए प्लस म्हणजे 9 असं खाली पी म्हणजे 4 पर्यंत लिहिलेलं असतं, ती स्कॅन करायला लोक विसरतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं नेमकं तेच आहे कारण Nmin तिथेच सापडतो. टक्केवारीच्या जुन्या पॅटर्नमधून पास झालेल्यांसाठी तर हे जास्तच लागू आहे. पासिंग 40 असेल तर 2.5 ला 70 टक्के लागतात, पासिंग 35 असेल तर 67.5 पुरतात. पासिंगच्या एका आकड्यावर अडीच टक्क्यांचा फरक, आणि तो आकडा कुठेच लिहिलेला नसेल तर समोरचा आपल्या अंदाजाने धरणार. मागे काही छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून लेटरहेडवर लिहून घ्या, कमाल किती, पासिंग किती, क्लासच्या मर्यादा काय. आणि पासिंग एका विषयाचं वेगळं, एकूण सरासरीचं वेगळं असेल तर दोन्ही लिहून घ्या.

क्लासबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. हायर सेकंड क्लास आपल्याकडे साधारण 55 पासून 60 च्या आत असतो, पण ब्रिटनचा अप्पर सेकंड ही वेगळीच पायरी आहे, तिथले त्यांचे स्वतःचे मार्क 60 ते 69 असतात. ब्रिटनसाठी भाषांतर करताना कोणी हायर सेकंडचा अप्पर सेकंड करून टाकला तर तुम्ही न मिळवलेली गोष्ट कागदावर येते, आणि ती पकडली गेली तर प्रश्न तुमच्यावर येतो. क्लासचं नाव जसं आहे तसंच, शेजारी मर्यादा, बस्स. डिस्टिंक्शनचंही तसंच, कुठे 66 ला आहे कुठे 70 ला, त्यामुळे नुसता शब्द पुरेसा नाही. आणि तुमचा क्लास फक्त शेवटच्या वर्षावर दिलेला असेल, काही जुन्या पॅटर्नमध्ये असं असायचं, तर ते लेटरमध्ये लिहून घ्या, नाहीतर सगळ्या वर्षांची सरासरी आणि क्लास जुळत नाही म्हणून परत प्रश्न येतात.

भाषांतर हातात आलं की तपासायचं एकच काम मी सांगेन, ट्रान्सक्रिप्टवर असा एकही आकडा आहे का जो मूळ कागदावर नाही. असेल तर काढायला सांगा, तो तुमच्या फायद्याचा असला तरी.

तिसरा रस्ता, इव्हॅल्युएशन, मला नकोसा वाटत नाही, पण मी तो मागितल्याशिवाय घेणार नाही. चांगली गोष्ट अशी की तिथे सरळ गुणाकार नसतो, कोर्स बाय कोर्स रिपोर्टमध्ये प्रत्येक विषयाला अमेरिकन लेटर ग्रेड देतात आणि क्रेडिटप्रमाणे सरासरी काढतात, आणि आपल्याकडचा फर्स्ट क्लास तिथे बऱ्यापैकी वरच्या ग्रेडमध्ये जातो, त्यामुळे टक्क्यांवाल्या बऱ्याच जणांचा जीपीए त्यांनी घरी काढला होता त्यापेक्षा चांगला येतो. पण ही पायऱ्यांची स्केल असते, म्हणजे 61 आणि 75 एका पायरीवर आणि 58 खालच्या, तर ज्यांचे मार्क 60 च्या आसपास लटकलेत त्यांना फटका बसू शकतो आणि ज्यांचे सगळे विषय थोडे वर आहेत त्यांना फायदा. तीन वर्षांची पदवी असेल आणि ती चार वर्षांच्या बरोबरीची धरायची का हा प्रश्न असेल तर मात्र हा रस्ता घ्याच, तिथे तुमच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या रिपोर्टला वजन आहे.

अडचण पैशाची कमी आणि वेळेची जास्त. कागद विद्यापीठातून थेट जावे लागतात, आणि आपल्या परीक्षा विभागाची गती माहीतच आहे, माझं पाकीट निघायलाच इतका वेळ लागला की एका कोर्सची डेडलाइन हातची गेली. आणि जर्मनीला या रिपोर्टचा फारसा उपयोग नाही, तिथे एपीएसचं, म्हणजे आपले कागद खरे आहेत हे तपासून देणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, सर्टिफिकेट आणि मूळ मार्कशीटच बघतात.

तर अर्जात इव्हॅल्युएशन सक्तीचं लिहिलेलं असेल तर आजच परीक्षा विभागात अर्ज टाका, बाकी कागद नंतर जमवता येतील. सक्तीचं नसेल तर मी आज पुन्हा फाइल बांधली तरी ट्रान्सक्रिप्ट आहे तसं, त्याच्या मागे मागच्या बाजूचं भाषांतर, त्याच्या मागे परीक्षा विभागाचं पासिंग आणि क्लासचं लेटर, याच क्रमाने ठेवेन, आणि कन्व्हर्जन लेटर वेगळ्या पाकिटात, कोणी नावाने मागितलं तरच.