अंगावर पाजताना केस गळतायत : लाल गोळी, तेल, बायोटिन की मिनॉक्सिडिल?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले की घरात एकदमच सल्ले सुरू होतात. सासू म्हणते, तेल चोप. मेडिकलवाला बायोटिनच्या गोळ्यांची पट्टी पुढे करतो. जाऊ फोनवर पाहिलेल्या मिनॉक्सिडिलच्या बाटलीचं नाव सांगते. आणि आशाताईंनी फुकट दिलेली लोहाची लाल गोळी फडताळात तशीच पडलेली असते. उपकेंद्रात काम करताना हे चित्र मी इतक्या घरांत पाहते, की या चारही गोष्टी एकदा शेजारी ठेवून तोलायला हव्यात असं वाटलं. पैसा थोडा आहे आणि अंगावर पिणारं बाळ आहे, हे धरूनच तोलायला हवं.

आधी केस का गळतात ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. एरवी रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. पोटुशेपणात संप्रेरकांमुळे गळायचे केसही डोक्यावरच टिकतात, म्हणून त्या महिन्यांत वेणी दाट वाटते. बाळंतपणानंतर संप्रेरकं एकदम उतरतात आणि ते सगळे केस एकत्रच विश्रांतीला जातात. विश्रांतीतला केस साधारण तीन महिने मुळाशी धरून राहतो आणि मग सुटतो. आज कंगव्यात आलेला पुंजका म्हणजे तीन महिन्यांपूर्वीच्या बाळंतपणाचा हिशेब आहे. दूध पाजल्यानं केस जातात हा समज खोटा आहे, वरचं दूध देणाऱ्या आयांचेही असेच जातात. बहुतेकींची गळती सहाव्या महिन्यानंतर कमी होऊ लागते आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबते.

बाजारातल्या बाटल्यांचा फायदा इथेच होतो. पाचव्या महिन्यात काहीही लावायला घेतलं तरी सातव्या-आठव्या महिन्यात गळती कमी दिसणारच, आणि श्रेय बाटलीला जातं. म्हणून "मला गुण आला" या सांगण्यावरून काहीही विकत घेऊ नका.

लाल गोळी आणि ताट

गळती आपोआप थांबणारी असली, तरी अंगात रक्त कमी असेल तर ती लांबते आणि नवे केस बारीक येतात. आपल्याकडे अशा बाया कमी नाहीत.

मूर्तिजापूरकडच्या एका गावातली बाई, बाळ चार महिन्यांचं. म्हणाली, "ताई, डोक्यावरून हात फिरवला तरी केसाचा पुंजकाच निघते. दूध पाजनं बंद करू काय?" हिमोग्लोबिन तपासलं तर ९.२. बाळाला पाजणाऱ्या बाईचं १२ च्या वर हवं. सव्वा महिना नुसता भात, तूप आणि वरणाचं पाणी, पालेभाजी-फळं पथ्यात बंद. ते पथ्य पुढेही तसंच चालू राहिलं. आता कापूस वेचायला जायची, सकाळी काळा चहा आणि बिस्किटं खाऊन. लाल गोळी घेते म्हणाली, पण कशासोबत, तर त्याच चहासोबत. वरून कॅल्शियमची गोळीही लगेच.

चहातली द्रव्यं लोह बांधून ठेवतात आणि कॅल्शियमही त्याच्या आड येतं. गोळी पोटात जात होती, अंगी लागत नव्हती. तिला आम्ही दिवसाचा क्रम बदलून दिला. सकाळच्या भाकरीसोबत कॅल्शियम. दुपारच्या जेवणानंतर तासाभराने लाल गोळी, लिंबूपाण्यासोबत, आणि तिच्या आधी-नंतर तासभर चहा नाही. रात्री जेवताना कॅल्शियमची दुसरी गोळी, दुपारच्या लाल गोळीपासून पुरेशी लांब. रक्त बरंच कमी असल्यानं डॉक्टरांनी लोहाच्या दिवसाला दोन गोळ्या केल्या, त्यामुळे रात्री झोपताना दुसरी लाल गोळी आली, तीही जेवतानाच्या कॅल्शियमपासून पुरेशी लांब. रक्त बरं असेल तर प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक हे सरकारी वेळापत्रक आहे. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. शौचाला काळी होते, थोडी घट्ट होते, त्याला भिऊन गोळी सोडू नये. मळमळ फार होत असेल तर थोडं खाऊन घ्यावी, पण चहा नको.

ताटाचंही तसंच. पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे, हे रोजच्या जेवणावर जादा. केस मुळात प्रथिनांचे बनलेले असतात, त्यामुळे अंडं, दही, फुटाणे, मटकी-चवळीची उसळ यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. जवसाची चटणी आणि अळिवाचे लाडू चांगलेच आहेत, पण रोज लाडू खाऊन वरण-भाजी टाळली तर उपयोग नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह जास्त लागतं. अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने पोषण आहाराची पाकिटं मिळतात. ती घरातल्या सगळ्यांत वाटून टाकू नका, ती तुमच्यासाठी आहेत.

त्या बाईचं हिमोग्लोबिन दीड महिन्यात १०.६ वर आलं. केसांची गळती मात्र लगेच थांबली नाही आणि थांबणारही नव्हती. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन महिन्यांनी कपाळाच्या कडेला बारीक, उभे राहणारे केस दिसू लागले. औषध लागू पडतंय की नाही हे ओळखायची खूण हीच. कंगव्यातले केस मोजत बसू नका, कपाळाच्या कडेला बघा.

तेल, शाम्पू आणि खारपाण पट्टा

तेलाला मी नाही म्हणत नाही, पण त्याचं काम केसाच्या दांड्यावर आहे, मुळावर नाही. खोबरेल तेल धुण्याआधी तासभर लावलं तर केस कमी तुटतो. तेच तेल उन्हाळ्यात चार-चार दिवस डोक्यावर ठेवलं तर घाम आणि तेलात कोंड्याची बुरशी वाढते आणि खाज सुटते. आठवड्यातून दोन-तीनदा डोकं धुवा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही आणि केसांवर पांढरट थर बसतो. तिथे अंगाचा साबण डोक्याला न लावता साधा शाम्पू वापरा आणि शेवटचं पाणी आरओच्या कॅनचं तांब्या-दोन तांबे घ्या. खाऱ्या पाण्यानं केस खरखरीत होऊन मधूनच तुटतात. मुळासकट गळतात ते वेगळे, त्यांच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो.

कोंडा असेल तर किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुतला तर चालतो. कातडीतून तो रक्तात फारसा जात नाही. थंड तेलाबद्दल मात्र बजावते. त्यात बहुतेकदा कापूर असतो, आणि कापूर तान्ह्या बाळाला घातक आहे, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. बाळाचं नाक-तोंड आपल्या डोक्याजवळ असतं, म्हणून पाजण्याच्या काळात कापूर असलेलं तेल घरातच नको, बाळाच्या छातीवर तर अजिबातच नको.

गळतीच्या दिवसांत आणखी एक पाहत जा. सुटलेला केस बाळाच्या बोटाला गुंडाळून आवळला जातो, बोट लाल होऊन सुजतं आणि बाळ विनाकारण रडत राहतं. अंघोळीच्या वेळी हातापायाची बोटं उलगडून बघा. पाजायच्या आधी केस बांधा, पण घट्ट आंबाडा नको, त्यानं कपाळाकडचे केस ओढले जातात.

मेडिकलमधल्या गोष्टी

मिनॉक्सिडिल टाळा. ते दुधातून उतरतं, म्हणून पाजणाऱ्या आईनं वापरू नये अशीच सूचना औषधासोबत असते. आईनं ते लावल्यावर अंगावर पिणाऱ्या बाळाच्या चेहऱ्यावर दाट केस आल्याची वैद्यकीय नोंद आहे. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत ते स्वतःच गळती वाढवतं, आणि बंद केलं की आलेले केस पुन्हा जातात. आपोआप थांबणाऱ्या गळतीसाठी ते चुकीचं हत्यार आहे. घरात नवऱ्याच्या टकलासाठीची बाटली असेल तर तिच्यात फिनास्टेराइडही मिसळलेलं असू शकतं, ते पुरुषांचं औषध आहे. ती बाटली हातातही घेऊ नका.

बायोटिनबद्दल लोक बेफिकीर असतात. पाजणाऱ्या बाईची रोजची गरज ३५ मायक्रोग्रॅम, ती अंडं-शेंगदाण्यातून भागते. बाजारातल्या गोळीत पाच-दहा हजार मायक्रोग्रॅम असतं. विषारी नसलं तरी त्यानं थायरॉइडची तपासणी चुकीची येते, टीएसएच खोटं कमी दिसतं. आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडचा दाह होणं अनेकींत दिसतं, त्यानंही केस गळतात. म्हणजे खरं कारण शोधायचा रस्ता गोळीनंच बंद होतो. घेतच असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

केसांच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये सेलेनियम आणि व्हिटॅमिन ए ही असतं, आणि दोन्ही जास्त झाले तर केस उलट गळतात. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक जाऊ लागले, तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त आढळल्याचं सांगितलं होतं. केसांसाठी म्हणून दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जडीबुटीवाल्याच्या भस्मात शिसं किंवा पारा असू शकतो, तो दुधातून बाळाकडे जातो. लेबल नसलेली कुठलीही पुडी नको.

तर निवड अशी करा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, डोक्यावर सगळीकडून सारखी गळती, टाळू स्वच्छ असेल, तर लाल गोळी नीट वेळेवर, ताट भरलेलं आणि साधा शाम्पू एवढंच. रक्त कमी असेल तर महिन्यानं पुन्हा तपासणी. डोक्यावर गोल चकती पडली, टाळूला जखम किंवा पू आला, धडधड-घाम किंवा सतत थंडी वाजते, वजन विनाकारण बदलतं, पाळीला फार रक्त जातं, किंवा बाळ वर्षाचं झालं तरी गळती थांबत नाही, तर ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. तिथे डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा, "मी बाळाला अंगावर पाजते," आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-तेलांची वेष्टनं पिशवीत घालून सोबत न्या.